ठरल्यापेक्षा पानं जास्त उठली, तर यजमानांना वाढीव बिलाचा मेल कसा लिहावा?

प्रश्न: नाशिकमध्ये माझं लहानसं केटरिंग आहे. परवाच्या लग्नात ४०० पानांचं ठरलं होतं, उठली ४६५. दर ४८० रुपये. करारात लिहिलंय की १० टक्क्यांपर्यंत जास्तीची पानं त्याच दराने आणि त्यापुढे ५५० ने. १ लाख २० हजार आगाऊ मिळालेत. ताटं मुलीच्या मामांसमोर मोजली, कागदावर त्यांची सही आहे. आता मुलीच्या वडिलांना मेल पाठवायचा आहे. त्यांना वाईट वाटू नये आणि आपले पैसेही बुडू नयेत, असं काय लिहू?

उत्तर: मामांची सही घेतलीत, तिथेच अर्धं काम झालं. आता मेल लिहिताना एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा, हा मेल मुलीचे वडील एकटे वाचणार नाहीत. ते मुलाला दाखवतील, भावाला दाखवतील, आणि खर्च दोन्हीकडून निम्मा-निम्मा ठरला असेल तर हाच मेल जसाच्या तसा व्याह्यांकडे जाईल. व्याही त्या दिवशी मुदपाकखान्यात आलेले नसतात. त्यांनी तुमचा करार पाहिलेला नसतो आणि मामांनी कुठल्या कागदावर सही केली तेही त्यांना ठाऊक नसतं. त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "एवढी पानं झाली कशावरून?"

म्हणून मेलमध्ये आधी संख्या, मग करारातला नियम आणि सगळ्यात शेवटी रक्कम. बहुतेक केटरर नेमकं उलटं करतात. पहिल्याच ओळीत "आपल्याकडून १,१६,१९८ रुपये येणे आहे" असं लिहितात आणि खाली कारणं देत बसतात. रक्कम आधी दिसली की माणूस कारणं शंकेने वाचतो. संख्या पटली तर पुढे फक्त गुणाकार उरतो आणि गुणाकारावर कुणी भांडत नाही. इतक्या वर्षांत माझ्यासमोर जे वाद आले, त्यांतले बहुतेक सगळे संख्येवरचे होते. दरावरचा वाद क्वचितच.

दुसरं, "आपल्याकडचे पाहुणे जास्त आले" असं वाक्य चुकूनही लिहू नका. लग्नात वाढलेली माणसं बऱ्याचदा यजमानांनी बोलावलेलीच नसतात. वरपक्षाची एक बस जास्त येते, शेजारच्या गावचे लोक "अक्षता टाकून जाऊ" म्हणत येतात, पत्रिकेवर "सहकुटुंब" असतं आणि कुटुंब दोघांचं नसून सहाजणांचं निघतं. मुलीच्या बापाच्या हातात यातलं काहीच नसतं, आणि वरपक्षामुळे पानं वाढली हे तो व्याह्यांना तोंडावर सांगूही शकत नाही. तुमच्या मेलमध्ये कुणामुळे वाढली हे आलं, तर त्यांना तो पुढे पाठवताच येणार नाही आणि तुमचे पैसे तिथेच अडकतील. "भोजनास ४६५ पाने उठली" एवढंच लिहा. त्यात कुणाचं नाव नाही, दोष नाही.

आता संख्या कशी मांडायची ते. नुसतं "४६५ पाने झाली" असं लिहिलं तर तो तुमचा दावा होतो. ती कशी काढली हे लिहिलं तर तो हिशोब होतो आणि समोरचा माणूस तो स्वतः ताडून पाहू शकतो. बुफे होता असं धरतो. तुमच्या कागदावर साधारण अशी नोंद असेल: सकाळी कार्यालयात ६०० ताटं नेली, पन्नास-पन्नासचे बारा गठ्ठे. जेवणं संपल्यावर कोरी ताटं राहिली ११३. म्हणजे वापरली गेली ४८७. त्यातून तुमचे वाढपी, आचारी आणि मावशी धरून १६ जण जेवले, ती वजा. उरली ४७१. काही जणांनी ताट बदलून घेतलं, एखाद्या मुलाने ताट पाडलं, एखादं डागी निघालं, अशी ६ गेली. बिलाला धरायची पानं ४६५. आकडे अर्थातच तुमच्या कागदावरचे घाला, पण सगळ्या पायऱ्या दाखवा. विशेषतः वजा केलेली १६ आणि ६ पानं दिसलीच पाहिजेत. तुम्ही स्वतःच्या माणसांची पानं त्यांच्या माथी मारली नाहीत हे त्या दोन ओळींतून कळतं, आणि वाचणाऱ्याचा विश्वास तिथेच बसतो.

ताटं मधेच धुऊन परत वापरली असतील तर मात्र ही मोजणी लंगडी पडते. ६०० नेली, ११३ उरली, पण मधल्या वेळात ४० धुऊन पुन्हा टेबलावर गेली असतील तर खरा आकडा ४० ने जास्त निघेल, आणि ते सांगायला तुमच्याकडे नोंद हवी. धुण्याच्या जागी बसलेल्या बाईने प्रत्येक गठ्ठा परत पाठवताना कागदावर रेघ ओढली असेल तर ती धरा. नोंद नसेल तर ती ४० सोडून द्या, मेलमध्ये त्यांचा विषयच काढू नका. सिद्ध न करता येणारं एक पान सिद्ध झालेल्या साठ पानांवर शंका आणतं.

आणखी एक पडताळा बहुतेक वेळा आपल्याकडे असतो, पण तो कुणी वापरत नाही. तो म्हणजे पक्वान्नाच्या वाट्या. श्रीखंड वाट्यांत भरून ठेवलं असेल तर किती वाट्या भरल्या आणि किती उरल्या हे माहीत असतंच. ४६५ पानांना साधारण ४३०-४४० वाट्या लागल्या असतील तर दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात, कारण मधुमेहवाले आणि लहान मुलं वाटी घेत नाहीत. पण वाट्या ३५० च गेल्या आणि ताटं ४६५ दाखवताय, तर मेल पाठवण्याआधी तुमची ताटमोजणी पुन्हा तपासा, कुठेतरी एखादा गठ्ठा दोनदा धरला गेला असेल. पाण्याच्या बाटल्यांवरून संख्या काढू नका. माणूस एक बाटली जेवताना घेतो आणि एक गाडीत बसताना नेतो.

पंगत असेल तर हिशोब वेगळा आणि सोपा. एका ओळीत किती पानं, किती ओळी, किती पंगती, आणि प्रत्येक पंगतीत किती पानं रिकामी राहिली, एवढंच लिहायचं. शेवटच्या पंगतीत बसलेले घरचे लोक, गुरुजी, बँडवाले, फोटोग्राफर, गाड्यांचे चालक हे सगळे पानांत धरले आहेत का, तेही स्पष्ट करा. लग्नघरातले लोक त्यांना "पाहुणे" म्हणून मोजत नाहीत. यजमानांच्या डोक्यातला ४०० आणि तुमच्या कागदावरचा ४६५ यांतला बराचसा फरक इथे सापडतो. वडील म्हणतात, "आम्ही तर चारशेच माणसं धरली होती." ते खरंच बोलत असतात. बँडचे आठ, फोटोवाले चार, चालक पाच, गुरुजी दोन हे त्यांनी कधी मोजलेलेच नसतात. म्हणून या १९ पानांची ओळ मेलमध्ये वेगळी द्या. ती वजा करायची नाही, कारण ते जेवले आहेत. फक्त ती दिसू द्या.

मेलमध्ये तितकंच महत्त्वाचं आणखी एक वाक्य आहे, ४०० वं पान कधी उठलं आणि तेव्हा काय झालं. चारशे पूर्ण झाल्यावर तुम्ही मामांना सांगितलं असेल आणि ते म्हणाले असतील, "थांबू नका, वाढा", तर ते वेळेसकट लिहा. पुढची ६५ पानं तुम्ही आपल्या मनाने वाढली नाहीत, त्यांच्या माणसाच्या होकाराने वाढली, हे त्या एका वाक्यात येतं. सहीपेक्षाही हे वाक्य जास्त चालतं, कारण ते वाचल्यावर वडील मामांना एक फोन करतात आणि मामा "हो" म्हणतात. वाद तिथेच संपतो.

दराचं मग थोडक्यात लिहा. करारात १० टक्के लिहिलंय म्हणजे ४० पानं ४८० नेच, आणि त्यापुढची २५ पानं ५५० ने. मेलमध्ये कराराचा तो मुद्दा शब्दशः उतरवा आणि त्या पानाचा फोटो जोडा. वाढीव दर का, यावर एकच वाक्य पुरे: आपण चारशेच्या वर साधारण १० टक्क्यांची तयारी ठेवतो आणि त्यापुढे लागलं की माल ऐनवेळी किरकोळ भावाने आणावा लागतो. रविवारी दुपारी डेअरीतून आणलेला चक्का ठोक भावाने येत नाही, हे घर चालवणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. एक अट मात्र पाळा. वाढीव दर करारात नसेल तर तो लावू नका, सगळी पानं मूळ दरानेच धरा. जेवण झाल्यावर दर सांगणं कुणालाच पटत नाही.

शेवटच्या काही पानांना श्रीखंड संपलं म्हणून बाजारातून गुलाबजाम आणून वाढले असतील, तर तेही मेलमध्ये तुम्हीच सांगा. त्यांनी विचारल्यावर सांगितलं तर ते लपवल्यासारखं दिसतं. आणि त्या पानांना एखादा पदार्थ मिळालाच नसेल तर त्याची किंमत स्वतःहून वजा करा. पूर्ण ताट न देता पूर्ण दर घ्यायचा नाही.

आता करांकडे येऊ, कारण अंतिम बिलात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. तुमची जीएसटी नोंदणी आहे आणि नेहमीच्या पद्धतीने ५ टक्के लावता असं धरतो. नोंदणी नसेल किंवा कंपोझिशन योजनेत असाल, तर ग्राहकाकडून कर वेगळा घेता येत नाही, ती ओळ काढून टाका. नोंदणी असेल तर आधी बघा, लग्नाआधी ४०० पानांचं करबिल दिलं होतं का? फक्त कोटेशन आणि आगाऊ रकमेची पावती दिली असेल तर काम सोपं आहे. आता ४६५ पानांचं एकच बिल करा. पण ४०० चं करबिल आधीच फाडलं असेल, तर ते खोडून नवं करायचं नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे वाढलेल्या रकमेची डेबिट नोट काढायची, त्यावर मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख घालायची. मेलमध्ये मग दोन कागद जोडलेले असतील, जुनं बिल आणि ही डेबिट नोट.

दुसरी चूक आगाऊ रकमेची. काहीजण आधी आगाऊ रक्कम वजा करतात आणि उरलेल्या पैशांवर ५ टक्के लावतात. तसं केलं तर कर कमी निघतो. आगाऊ रक्कम करासकटच धरायची असते आणि सेवेवर तर आगाऊ मिळालेल्या पैशांवरही कर भरावा लागतो. म्हणून आधी पूर्ण बेरीज, त्यावर कर, आणि मग एकूण रकमेतून आगाऊ वजा.

तुमचा हिशोब असा: ४०० पानं गुणिले ४८० म्हणजे १,९२,०००. पुढची ४० पानं त्याच दराने १९,२००. त्यापुढची २५ पानं ५५० ने १३,७५०. बेरीज २,२४,९५०. त्यावर अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा कर, प्रत्येकी ५,६२३.७५. एकूण २,३६,१९७.५०. आगाऊ १,२०,००० वजा जाता बाकी १,१६,१९७.५०, म्हणजे १,१६,१९८. मूळ ४०० पानांचा करासह अंदाज २,०१,६०० होता, म्हणजे पानं वाढल्यामुळे पडलेला फरक ३४,५९८ रुपयांचा. हा फरक मेलमध्ये वेगळा लिहाच. वडिलांच्या मनात पूर्वीचा दोन लाखांचा आकडा बसलेला असतो. एक लाख सोळा हजारांची बाकी एकदम पुढे आली की तीच वाढ वाटते. पण वाढ साडेचौतीस हजारांचीच आहे, उरलेली रक्कम ते द्यायला तयारच होते.

मेल कधी पाठवायचा? पाठवणीच्या संध्याकाळी नाही आणि दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाच्या गडबडीतही नाही. पण आठवडाभर थांबूही नका, तोवर मामांना वेळ आठवत नाही आणि कार्यालयाचा हिशोब मिटून घरचे पैसे दुसरीकडे गेलेले असतात. तिसऱ्या दिवशी सकाळी आधी फोन करा, जेवण कसं झालं विचारा आणि "अंतिम हिशोब मेलवर पाठवतोय" एवढं सांगा. फोनवर रक्कम सांगू नका. मग दुपारी मेल.

मी असा लिहिला असता:

> विषय: विवाह भोजन, रविवार दुपार: प्रत्यक्ष पानसंख्या व अंतिम हिशोब
>
> आदरणीय काका,
>
> सप्रेम नमस्कार. रविवारचे कार्य उत्तम पार पडले. आपण आणि घरच्या सर्वांनी आमच्या माणसांना जे सांभाळून घेतले त्याबद्दल मनापासून आभार.
>
> भोजनाचा अंतिम हिशोब पाठवत आहे. करारात ४०० पाने ठरली होती, प्रत्यक्षात ४६५ पाने उठली. मोजणी अशी:
>
> सकाळी कार्यालयात नेलेली ताटे ६००. जेवणानंतर उरलेली कोरी ताटे ११३. वापरलेली ताटे ४८७. त्यातून आमच्या माणसांची १६ आणि बदललेली वा डागी ६ वजा केली. हिशोबात धरलेली पाने ४६५. यात गुरुजी, बँड, फोटोग्राफर व चालक यांची १९ पाने आहेत.
>
> सुरुवातीची व शेवटची मोजणी मुलीच्या मामांसमोर झाली आहे. त्यांच्या सहीच्या कागदाचा फोटो सोबत आहे. दुपारी सव्वाच्या सुमारास ४०० पाने पूर्ण झाल्यावर आम्ही त्यांना विचारले आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे वाढप पुढे चालू ठेवले. शेवटच्या सुमारे ३० पानांना श्रीखंड संपल्यामुळे गुलाबजाम वाढले. त्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत.
>
> करारातील मुद्दा ४ प्रमाणे "ठरलेल्या संख्येवर १० टक्क्यांपर्यंत वाढलेली पाने मूळ दराने, त्यापुढील पाने प्रत्येकी ५५० रुपये". ऐनवेळी माल किरकोळ भावाने आणावा लागतो म्हणून हा दर आहे. त्यानुसार:
>
> ४०० पाने, दर ४८०: १,९२,०००
> ४० पाने, दर ४८०: १९,२००
> २५ पाने, दर ५५०: १३,७५०
> बेरीज: २,२४,९५०
> जीएसटी ५ टक्के: ११,२४७.५०
> एकूण: २,३६,१९७.५०
> आगाऊ मिळालेले (५०,००० व ७०,०००): १,२०,०००
> बाकी: १,१६,१९८
>
> ४०० पानांचा मूळ अंदाज करासह २,०१,६०० रुपये होता. पाने वाढल्यामुळे पडलेला फरक ३४,५९८ रुपयांचा आहे.
>
> हिशोबात काही विचारायचे असल्यास जरूर फोन करावा. आपल्याला सोयीचे असेल तर मोजणीचा मूळ कागद घेऊन मी घरी येऊन भेटू शकेन. रक्कम पुढील आठवड्याच्या शनिवारपर्यंत मिळावी, ही विनंती. बँकेचा तपशील बिलावर आहे.
>
> नवदांपत्याला आमच्या सर्वांकडून शुभेच्छा.
>
> आपली नम्र,

मेलसोबत फक्त तीन गोष्टी जोडा: मोजणीच्या कागदाचा फोटो, कराराच्या त्या पानाचा फोटो आणि अंतिम क्रमांक न टाकलेलं बिल. लग्नाचे, गर्दीचे, रिकाम्या भांड्यांचे फोटो पाठवू नका. ते पुरावा जमवल्यासारखे दिसतात आणि मुलीच्या लग्नाच्या फोटोंचा असा वापर कुणालाही आवडत नाही.

"काका" लिहायचं की "साहेब", हे तुमची ओळख कशी आहे त्यावर ठरवा. ठरवायला ते तुमच्या स्वयंपाकघरात बसून चव घेऊन गेले असतील तर काका. ऑफिसमधून मेलवरच बोलणं झालं असेल तर "आदरणीय साहेब". पण बोलताना काका म्हणत होता आणि बिल पाठवताना एकदम "महोदय" झालात, तर तो बदल पहिल्या ओळीतच खुपतो.

आता उत्तरं काय येतील ते बघू. सगळ्यात नेहमीचं असतं, "अहो, पण अन्न तर उरलं होतं, मग पानं जास्त कशी?" हा प्रश्न प्रामाणिक असतो, त्याला नीट उत्तर द्या. कुठल्याही लग्नात सगळे पदार्थ एकदम संपत नाहीत. भात आणि आमटी उरते, श्रीखंड आणि भजी आधी संपतात. यजमानांना शेवटी मुदपाकखान्यात दिसतो तो भाताचा डेग, संपलेली श्रीखंडाची परात दिसत नाही. बिल उठलेल्या पानांचं असतं, उरलेल्या अन्नाचं नाही. आणि उरलेलं अन्न तुम्ही त्यांनाच डब्यात भरून दिलं असेल तर त्याचीही आठवण करून द्या, हळूच.

दुसरं उत्तर येतं, "हॉलमध्ये तर तीनशे खुर्च्या होत्या." खुर्च्यांवर एका वेळी जेवढे बसले तेवढे दिसतात. बुफे दीड-दोन तास चालतो आणि तेवढ्या वेळात एका खुर्चीवर दोन-दोन माणसं बसून उठतात. फोनवर एवढं सांगितलं की पुरतं, त्यासाठी मेल वाढवू नका.

तिसरं, "चारशेपेक्षा कमी आले असते तर तुम्ही कमी पैसे घेतले असते का?" करारात ४०० ची हमी होती, तर उत्तर "नाही" आहे आणि ते सरळ सांगा. ४०० पानांचा माल भरलेला होता, कमी माणसं आली तरी तो खर्च झालेला असतो. जास्त आली तेव्हा वाढलेल्या पानांचेच पैसे लावले. दोन्ही बाजूंनी नियम एकच आहे, हे त्यांना दिसायला हवं.

चौथं, "राउंड करून द्या, एक लाख घ्या." घासाघीस होणारच, पण पानं कमी करू नका. ४६५ ची ४४० केलीत तर आधी मोजलेली पानं खोटी होती असं तुम्हीच कबूल केल्यासारखं होतं आणि मामांच्या सहीलाही अर्थ उरत नाही. सोडायचंच असेल तर वाढीव दर सोडा. २५ पानांवर दर पानामागे ७० रुपये जास्त आहेत, म्हणजे १,७५०. ते सोडून ती पानंही ४८० ने लावा आणि "वाढीव दर सोडला" अशी सवलतीची ओळ बिलात कराच्या वर लिहा. याहून जास्त सोडायची तुमची तयारी असेल तर तीही याच ओळीत, वेगळ्या आकड्याने. एक काळजी घ्या. सवलत बिल करण्याआधी ठरली तर कर कमी झालेल्या रकमेवर लागतो. बिल एकदा गेलं आणि मग सवलत दिली, तर त्यासाठी क्रेडिट नोट काढावी लागते. म्हणून मेलमध्ये हिशोब द्या, त्यांचा फोन येऊन बोलणं होऊ द्या आणि मगच बिलाला अंतिम क्रमांक टाका.

"जीएसटी काढा, रोख देतो" असंही कुणीतरी म्हणतं. त्याला नम्रपणे नाही म्हणा, आणि याविषयी मेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर काहीच लिहू नका, फोनवरच बोला.

तुमच्याकडे सही आहे म्हणून हे सगळं इतकं सरळ जमतं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी मेलमध्ये आकडा ठणकावून सांगू नये. वाट्यांवरून, उरलेल्या ताटांवरून, कार्यालयाच्या माणसाच्या नोंदीवरून जो सगळ्यात कमी आकडा सिद्ध होतो, तोच धरावा आणि तसं लिहावं: "ताटांवरून ४६५ दिसतात, वाट्यांवरून ४३८. आम्ही ४३८ धरली आहेत." २७ पानांचे पैसे जातात खरे, पण उरलेल्या ३८ पानांवर वाद उरत नाही. करारात जास्तीच्या पानांबद्दल एक अक्षरही नसेल तरी मूळ दराने पैसे मागण्याचा हक्क जात नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७० सांगतं की फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी रीतसर काम केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं. मेलमध्ये कलम लिहिलंत तर काकांना तो मेल वकिलाकडे न्यावासा वाटेल.

शनिवारपर्यंत काही आलं नाही तर सोमवारी सकाळी दोन ओळींची आठवण पाठवा, त्याच मेलला उत्तर म्हणून, म्हणजे हिशोब आणि फोटो खाली दिसत राहतील. अर्धी रक्कम आली तर त्याच दिवशी पोच द्या आणि "बाकी इतकी, तारीख इतकी" हे त्यातच लिहा. व्याह्यांचा वाटा यायचा असेल आणि काकांना त्यासाठी वेळ हवा असेल, तर त्यांनी दिलेली तारीख त्यांच्याच शब्दांत मेलवर लिहून घ्या. दोन हप्ते मान्य करायला हरकत नाही, पण पहिला हप्ता वाढलेल्या पानांच्या ३४,५९८ पेक्षा जास्त असावा, म्हणजे जे मूळचं ठरलेलं होतं तेवढंच मागे राहील आणि त्यावर नव्याने प्रश्न निघणार नाही.